हद्दीपलीकडे जाणारी रेघ

घराच्या परवानगीसाठी नगरपालिकेत जो नकाशांचा संच जातो, त्यात एक सेक्शन असतोच. पाया किती खोल, जोते किती उंच, स्लॅब कुठे, पॅरापेट केवढा, हे सगळे त्यात मांडलेले असते. जमीन मात्र एका आडव्या सरळ रेघेने दाखवलेली असते. ती रेघ घराच्या दोन्ही बाजूंना बोटभर पुढे जाते आणि संपते. सपाट शेतात पाडलेल्या प्लॉटवर यात फारसे बिघडत नाही. पण रत्नागिरी, सावंतवाडी, डिचोली किंवा पुण्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या प्लॉटवर ती रेघ खोटी असते, आणि त्या खोट्या रेघेवर पोकलेन चालतो. हे पुस्तक त्या एका रेघेविषयी आहे. ती कुठून सुरू करायची, कशी मोजायची, कुठे संपवायची आणि तिच्या खाली काय दाखवायचे, एवढाच त्याचा विषय आहे.

साईट सेक्शन म्हणजे जमीन आणि इमारत एकाच पात्याने उभी कापून दाखवलेला छेद. घराच्या सेक्शनमध्ये घर मुख्य असते. इथे जमीन मुख्य असते आणि घर तिच्यावर बसणारी एक वस्तू असते. माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. पहिली, या छेदाची सुरुवात आणि शेवट दोन्ही दुसऱ्याच्या जागेत व्हायला हवेत. दुसरी, आधी जमीन पूर्ण काढायची, तिच्याखालची माती-कातळ काढायचा, शेजाऱ्यांची घरे आणि पाये काढायचे, आणि हे सगळे कागदावर आल्यावरच आपले घर त्यात ठेवून पाहायचे. व्यवहारात हा क्रम नेमका उलटा असतो. घराचा प्लॅन ठरतो, जोत्याची उंची ठरते, आणि मग जमीन त्या जोत्याला जुळवून घेतली जाते.

शेजारची जागा छेदात घेतली नाही तर काय राहून जाते, हे २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला दिसले. एका गृहसंकुलाच्या आवाराची भिंत पावसात कोसळली आणि तिच्या पायथ्याशी मजुरांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या झोपड्यांवर पडली. पंधरा जण मेले, त्यांत लहान मुलेही होती. वरच्या बाजूला गाड्या उभ्या होत्या, त्याही भिंतीबरोबर खाली आल्या. खालच्या प्लॉटवर बांधकाम चालू होते. दोष कोणाचा, हे ठरवणे माझे काम नाही. पण त्या जागेचा एक साईट सेक्शन मनात काढून पाहा. वर गाड्यांचे वजन, मधे भिंत, खाली खोल गेलेली जमीन, आणि भिंतीला लागून झोपणारी माणसे. या चारही गोष्टी एका कागदावर, एका प्रमाणात येतात तेव्हा त्या झोपड्या तिथे नकोत हे सांगायला इंजिनियरची पदवी लागत नाही. वरच्या प्लॉटचा नकाशा भिंतीपाशी थांबतो, खालच्या प्लॉटचा नकाशा भिंतीपासून सुरू होतो, आणि धोका नेमका या दोन कागदांच्या मधल्या फटीत असतो.

पुस्तकात पुढे अनेक प्लॉट येतील. इथे एकच नमुना सविस्तर घेतो. तो मी शिकवण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातली मापे कोकणातल्या कुठल्याही गावात सापडतील अशीच आहेत. प्लॉट रस्त्याला लागून १५ मीटर रुंद आणि टेकडीच्या दिशेने २४ मीटर खोल आहे. रस्ता खाली, टेकडी वर. मागच्या हद्दीवर जुना, चिऱ्याच्या तुकड्यांचा गडगा आहे आणि त्यापलीकडे वरच्या शेजाऱ्याचे घर.

सरकारी मोजणीच्या नकाशावर हद्दी मिळतात, उंची मिळत नाही. म्हणून पहिले काम लेव्हल घेण्याचे. रस्त्यावर आपल्या फाटकासमोर एक पक्का बिंदू धरून त्याला १००.०० मीटर म्हणायचे. हा आकडा समुद्रसपाटीचा असायची गरज नाही, पण बिंदू हलणारा नको. मोरीचा कठडा चालतो, मुरमाचा ढीग चालत नाही. ऑटो लेव्हल लावली आणि त्या बिंदूवर पट्टीचे वाचन १.४५ आले, तर दुर्बिणीची उंची १०१.४५ झाली. मग पुढच्या हद्दीवर पट्टी धरल्यावर १.०५ वाचले, म्हणजे तिथली जमीन १००.४०. अशा चढावर एका जागेवरून सगळे दिसत नाही. जमीन दुर्बिणीच्या वर गेली की यंत्र उचलून वर न्यावे लागते आणि ज्या बिंदूची उंची कळलेली आहे त्यावरून पुन्हा सुरुवात करावी लागते. शेवटी परत मोरीच्या कठड्यावर येऊन त्याची उंची पुन्हा १००.०० येते का ते पाहायचे. ही शेवटची फेरी कंटाळ्यामुळे टाळली जाते. पण मधे कुठे पट्टी चुकीची वाचली असेल, तर ते कळायचा हा एकच मार्ग आहे. यंत्र नसेल तर गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळीही या कामाला पुरते. नळीत बुडबुडा राहिला नाही, एवढे पाहायचे.

आपल्या प्लॉटवर मागच्या हद्दीला १०४.०० मिळाले. म्हणजे २४ मीटरांत ३.६० मीटर चढ. आता गडग्यापाशी थांबायचे नाही. वरच्या शेजाऱ्याला विचारून त्याच्या अंगणातही पट्टी धरायची. त्याचे घर हद्दीपासून २.५ मीटरांवर आहे, अंगण १०४.३० वर आहे. पाया किती खोल आहे, हे त्यालाच विचारायचे. बांधताना तो तिथे उभा होता, त्याला आठवते. नमुन्यात त्याच्या पायाचा तळ १०३.०० वर धरला आहे. त्याचा शोषखड्डा कुठे आहे, विहीर आहे का, असल्यास उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाणी किती खाली असते, हेही त्याच भेटीत समजते. खालच्या बाजूला रस्त्याचे गटार, रस्त्यापलीकडच्या घराचे जोते, त्यांच्या अंगणाची पातळी घ्यायची. आपल्या प्लॉटवरचे पाणी शेवटी तिथेच जाणार आहे.

आता कागद. छेदाची दिशा साधारणपणे उताराच्या दिशेने, समोच्च रेषांना काटकोनात घ्यायची, आणि जिथे सगळ्यांत अवघड स्थिती आहे तिथून न्यायची. आपल्या नमुन्यात ती जागा म्हणजे शेजाऱ्याचे घर हद्दीच्या सर्वांत जवळ येते तो कोपरा. सोयीच्या जागेवरून, जिथे शेजारी मोकळी बाग आहे तिथून, काढलेला छेद खरा असूनही फसवतो. उभे आणि आडवे प्रमाण एकच ठेवायचे, १:१०० चांगले. रस्त्याचे इंजिनियर लांबच लांब छेदात उंची मुद्दाम दहापट ताणतात. त्यांच्या कामात ते बरोबर आहे. घराच्या कामात मात्र उतार जसा आहे तसाच डोळ्यांना दिसला पाहिजे, कारण दोन पायांमधला कोन आपण याच कागदावर मोजणार आहोत. मूळ जमिनीची रेघ सर्वांत जाड काढायची आणि पुढे कितीही फेरफार झाले तरी ती पुसायची नाही. खोदाई आणि भराव झाल्यावरही ती तुटक रेघेने दिसत राहिली पाहिजे. ती दिसेनाशी झाली की किती कापले आणि किती भरले हे कोणालाच कळत नाही.

रेघेखाली काय आहे, हे खड्डा घेऊन पाहावे लागते. जांभ्याच्या टेकडीवर बहुधा वर थोडी माती आणि सुटे तुकडे, मग कडक जांभा, आणि त्याखाली मऊ, पांढरट-तांबूस, हाताने चुरगळणारी माती लागते. कडक थर किती जाड, हे दहा पावलांवर बदलू शकते. म्हणून खड्ड्यात जे दिसले ते सलग रेघेने आणि दोन खड्ड्यांच्या मधले अंदाजाचे तुटक रेघेने काढायचे. कंत्राटदार सांगतो की चिरेखाणीची कड सरळ उभी राहते, इथेही राहील. कडक थरापुरते त्याचे म्हणणे खरे आहे. पण खोदाई त्या थरातून खाली मऊ मातीत उतरली की चित्र बदलते. पावसात मऊ माती वाहू लागते आणि वरचा कडक थर आधाराशिवाय पुढे लोंबत राहतो. अशी कड सूचना देऊन पडत नाही, एकदम पडते.

एवढे काढून झाल्यावर आता घर आत आणू. पुढे ४.५ मीटर सोडून ११ मीटर खोलीचे घर ठेवले. घराच्या पुढच्या भिंतीखाली मूळ जमीन सुमारे १०१.०८ आहे आणि मागच्या भिंतीखाली सुमारे १०२.७३. म्हणजे घराच्या अंगाखालीच १.६५ मीटरचा फरक आहे. मालकाची इच्छा नेहमीची असते. सगळे घर एका पातळीवर, गाडी थेट दारापर्यंत, आणि प्लॉट मागच्या हद्दीपर्यंत सपाट. जोते १०१.०० वर धरले आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेत सांगितल्याप्रमाणे ते भोवतालच्या जमिनीपेक्षा ४५ सेंटीमीटर उंच ठेवले, तर अंगण १००.५५ वर येते. मागच्या हद्दीला जमीन १०४.०० आहे. म्हणजे तिथे ३.४५ मीटरची उभी कड. प्लॅनमध्ये हे कुठेच दिसत नाही. तिथे फक्त 'मागील अंगण' असे लिहिलेले असते.

छेदात आता एक रेघ ओढायची. शेजाऱ्याच्या पायाच्या तळापासून आपल्या खोदाईच्या तळापर्यंत. उभे अंतर १०३.०० उणे १००.५५, म्हणजे २.४५ मीटर. आडवे अंतर २.५ मीटर. जवळजवळ ४५ अंशांची रेघ. शेजारशेजारच्या, वेगवेगळ्या पातळीवरच्या पायांसाठी आयएस १९०४ हे भारतीय मानक असे सांगते की मातीत त्यांना जोडणारी रेघ दोन आडवे–एक उभे यापेक्षा जास्त उभी असू नये. हा नियम दोन पायांसाठी आहे, पण उघड्या खोदाईच्या तळालाही पहिली चाचणी म्हणून मी हीच फूटपट्टी लावतो. २.४५ मीटर खाली जायचे तर किमान ४.९० मीटर लांब राहायला हवे, आणि आपण आहोत निम्म्या अंतरावर. याचा अर्थ शेजाऱ्याचे घर ज्या मातीवर टेकले आहे, ती माती आपण काढून घेतो आहोत. सलग कडक कातळात ही मर्यादा एवढी कडक नसते, पण आपल्या खड्ड्याने खाली मऊ माती दाखवली आहे, म्हणून इथे ती पाळायलाच हवी.

यावर उत्तर ठरलेले असते: संरक्षक भिंत घालू. नकाशात ती एका जाड रेघेने दाखवली जाते आणि इथे सेक्शनचा खरा उपयोग सुरू होतो. काँक्रीटची अशी भिंत इंग्रजी एल अक्षरासारखी किंवा उलट्या टी अक्षरासारखी असते, आणि तिचा तळपाया साधारणपणे उंचीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत रुंद असतो. पायासकट चार मीटर उंचीची भिंत धरली तर दोन ते सुमारे २.७ मीटर रुंद पाया. तो कुठे जाणार? भिंत हद्दीवर ठेवली तर त्याचा मागचा भाग शेजाऱ्याच्या अंगणाखाली जातो, आणि तो घालायचा तर त्याचे अंगण त्याच्या पायापर्यंत खोदावे लागते. शेजाऱ्याच्या हद्दीत जायचे नाही म्हटले तर भिंत आत सरकते आणि जे सपाट अंगण मिळवण्यासाठी एवढी खोदाई केली तेच कमी होते. एक रेघ म्हणून काढलेली भिंत कागदावर कुठेही मावते. तळपाया, त्यामागचा खडीचा थर, पाणी बाहेर सोडणारी भोके आणि बांधताना लागणारी तात्पुरती खोदाई यांसकट काढली की ती मावत नाही हे लगेच कळते.

पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण भिंती बहुतेक वेळा मातीने नव्हे, मातीत साठलेल्या पाण्याने पडतात. कोरड्या, निचरा होणाऱ्या मातीचा भिंतीवर जेवढा दाब असतो, त्याच्या सुमारे दुप्पट दाब तीच माती पाण्याने तुडुंब झाल्यावर होतो. रत्नागिरीत वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. आपल्या ३६० चौरस मीटरच्या प्लॉटवर तासाला ५० मिलिमीटरची सर पडली तर एका तासात अठरा हजार लिटर पाणी आले, आणि वरच्या प्लॉटचे पाणी याहून वेगळे. जुना गडगा बिनचुन्याचा असतो. त्याच्या फटींतून पाणी गाळून खाली येते. त्याच्या जागी सिमेंटची भरीव भिंत घातली आणि भोके ठेवली नाहीत, तर हद्दीवर एक बंधाराच उभा राहतो. तो बंधारा अडवलेल्या पाण्याच्या दाबासाठी बांधलेला नसतो. भोके ठेवली तरी त्यांच्यामागे खडी नसेल तर मातीने ती एका पावसाळ्यात बुजतात. जुलैमध्ये भिंतीचा वरचा भाग ओला, बुरसटलेला दिसतो आणि भोकांतून मात्र थेंबही येत नाही, तेव्हा मागे पाणी साठले आहे असे समजावे. भिंत पुढे कलली आहे का, हे ओळंब्याने त्याच दिवशी पाहावे.

कायद्याची बाजूही इथेच येते. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ मधल्या उदाहरणांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. वरच्या जमिनीवर पडलेले, ठरावीक प्रवाहात नसलेले पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहून जाऊ देणे खालच्या मालकाला भाग आहे. आणि प्रत्येक जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. 'नैसर्गिक स्थितीत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शेजाऱ्याने घर बांधून वाढवलेला भार या उदाहरणात सरळ बसत नाही, आणि कोर्टातले वाद तिथेच अडकतात. मूळ जमिनीची रेघ पुसू नका असे मी म्हणतो, त्याचे हे दुसरे कारण. खोदाई झाल्यावर नैसर्गिक स्थिती काय होती, हे सांगणारा तेवढाच कागद उरतो.

मग या प्लॉटवर घर कसे बसवायचे? छेदानेच सुचवलेले उत्तर असे. घर मधोमध दोन पातळ्यांत तोडायचे. पुढच्या निम्म्या भागाचे जोते १०१.९०, मागच्या निम्म्याचे १०२.८०. आत ९० सेंटीमीटरचा फरक, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या सहा पायऱ्या. पुढच्या भिंतीपाशी थोडा भराव येतो, मधे थोडी खोदाई, पुन्हा थोडा भराव, पुन्हा थोडी खोदाई, आणि घराखाली कुठेही अर्ध्या मीटरहून जास्त नाही. कापलेली माती बरीचशी तिथेच वापरली जाते. मागे तीन मीटरांचे अंगण १०२.३५ वर ठेवले तर त्याच्या टोकाला फक्त सुमारे ८० सेंटीमीटरची चिऱ्याची भिंत लागते. पहिल्या प्रस्तावातली कड याच्या चौपट उंच होती. मातीचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून इथे तो सुमारे सोळा पटींनी कमी झाला. अंगणाच्या मागे हद्दीपर्यंत साडेपाच मीटर मूळ उतार तसाच राहतो, शेजाऱ्याचा पाया निर्धास्त राहतो, आणि त्या उताराच्या पायथ्याशी एक उघडा चर काढला की वरचे पाणी घराला वळसा घालून रस्त्याच्या गटारात जाते.

याची किंमतही छेद लपवत नाही. फाटकापासून पुढच्या जोत्यापर्यंत दीड मीटर चढ आहे, म्हणजे दहा पायऱ्या. त्या ४.५ मीटरांत बसतात. गाडी मात्र दारापर्यंत येत नाही. अंगणापर्यंतच्या १.०५ मीटरसाठी १:८ उताराचा रॅम्प केला तर ८.४० मीटर लांबी हवी, आणि आपल्याकडे त्याच्या निम्मी आहे. गाडी फाटकाच्या आत, रस्त्याला समांतर उभी करावी लागेल. घरात म्हातारे माणूस असेल तर या सहा आणि दहा पायऱ्यांचा विचार मालकाशी बसून करावा लागेल, कदाचित त्यांची खोली पुढच्या पातळीवर घ्यावी लागेल आणि बाजूच्या मोकळ्या पट्ट्यातून लांब, सौम्य वाट काढावी लागेल. हा संवाद खोदाईपूर्वी व्हावा, एवढ्यासाठी तरी छेद हवा.

एका छेदाच्या मर्यादा मोठ्या आहेत. तो एकाच पात्यावरचे सांगतो. बाजूच्या दोन शेजाऱ्यांकडे जमीन कशी उतरते, आपण केलेला भराव त्यांच्या आवारभिंतीवर किती रेटा देतो, हे पाहायला रस्त्याला समांतर असा दुसरा छेद लागतो. प्लॉट वेडावाकडा असेल तर तिसराही. पाणी तर छेदाच्या रेघेवरून कधीच वाहत नाही. ते तिरके जाते, म्हणून लेव्हलच्या नकाशाशिवाय नुसता छेद वाचू नये. भिंतीची जाडी आणि सळई छेदातून ठरत नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनियरचे काम. पण त्यालाही हाच कागद दिला तर तो योग्य उंची धरून हिशेब करतो. नुसता प्लॅन दिला तर तो अंदाजाने एक उंची धरतो आणि जागेवर कड त्याहून जास्त निघते.

या पुस्तकातले छेद विद्यार्थ्यांनी नुसते पाहू नयेत, पेन्सिलीने पुन्हा काढावेत, आणि प्रत्येकात हद्दीची उभी रेघ सर्वांत शेवटी काढावी. ज्यांचा व्यवसाय चालू आहे त्यांना माझी विनंती वेगळी आहे. खोदाईच्या आधी, उन्हाळ्यातच, वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन लेव्हल घ्या, त्यांच्या भिंतींवर आधीपासून असलेल्या तड्यांचे तारखेसह फोटो काढा, आणि तयार झालेल्या छेदाची एक प्रत सही करून त्यांच्या हातात द्या.